अडत्याच्या हस्तलिखित भावयादीपासून तारीखवार तक्ता: फोटो ते तुलना

खानावळ चालवणारे, बचत गटाचे भाजी केंद्र सांभाळणारे, सोसायटीसाठी एकत्र भाजी उचलणारे अशा अनेकांकडे अडत्याच्या गाळ्यावरून रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. वहीच्या पानावर पेनाने लिहिलेली भाज्यांची नावे आणि समोर आकडे. त्या दिवसाची खरेदी झाली की फोटो फोनमध्ये तसाच पडून राहतो. महिन्याभराने "पावटा तेव्हा कितीला होता?" असा प्रश्न निघाला, तर तीस फोटो उघडून बघावे लागतात. हेच फोटो एका तक्त्यात कसे आणायचे, ते इथे एका उदाहरणातून दाखवतो. उदाहरण पुण्यातल्या घाऊक बाजाराच्या पद्धतीचे आहे. तिथे फळभाज्यांचा भाव १० किलोंचा सांगतात आणि पालेभाज्यांचा शेकड्याचा, म्हणजे १०० जुड्यांचा. यादीतले आकडे मात्र समजावून सांगण्यासाठी मी ठरवलेले आहेत. ते कोणत्याही दिवसाचे खरे भाव म्हणून घेऊ नका.

समजा, रविवारी ही यादी आली:

```
रवि. १२/१        १० कि.
भेंडी       ३५०-५००
गवार       ६००-९००
वांगी       १५०-३००
ढोबळी      ३००-४००
दोडका       "   "
फ्लॉवर      ८०/- ते १५०/-
पावटा      २५०-४००
शेकडा
कोथिंबीर    ४००-८००
मेथी       ६००-१०००
शेपू        —
```

आधी फोटो आणि त्याची तारीख

फोटो तुम्हीच काढणार असाल तर पान सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या आणि फोन पानाच्या बरोबर वर धरा. तिरक्या फोटोत फोनपासून दूरच्या ओळी दाटतात आणि नाव एका ओळीचे, आकडा दुसऱ्या ओळीचा असे वाचले जाते. पानाचा वरचा कोपरा फोटोत आलाच पाहिजे. तारीख आणि "१० कि." हे दोन्ही तिथेच लिहिलेले असते, आणि घाईत नेमके तेच कापले जाते.

फोटो दुसऱ्याकडून येत असेल तर तारखेबाबत सावध राहा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ते कधी काढले याची आतली नोंद निघून जाते. अँड्रॉइड फोनवर उतरलेल्या फाइलचे नाव `IMG-20250112-WA0003.jpg` अशा धर्तीचे असते आणि त्यातली तारीख व्हॉट्सॲपवरच्या देवाणघेवाणीची असते, यादीची नसते. कालची यादी आज कोणी पुढे पाठवली तर फाइलवर आजची तारीख दिसते. म्हणून तारीख पानावरूनच घ्यायची. पानावर ती नसेल तर अडत्याला विचारायचे. अंदाजाने लिहायची नाही, कारण तारीख एका दिवसाने चुकलेला भाव तक्त्यात अगदी बरोबर भावासारखाच दिसतो आणि नंतर कधीच सापडत नाही.

आपल्या पानावर "रवि. १२/१" आहे. वर्ष नाही, पण वार आहे आणि वाराचा मोठा उपयोग होतो. १२ जानेवारी २०२५ ला रविवार होता, २०२४ मध्ये त्या तारखेला शुक्रवार होता. वार आणि तारीख जुळली की वर्ष पक्के झाले. फोटोचे नाव लगेच बदलून `2025-01-12-gala1.jpg` असे करा. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव दिले की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. मूळ फोटो कधीही पुसू नका. पुढे शंका आली तर शेवटचा पुरावा तोच असतो.

वाचन: इथेच सगळा वेळ द्या

अशी यादी यंत्राकडून वाचून घेण्याचा मोह होतो. टेसरॅक्टसारखी अक्षर ओळखणारी साधने छापील मजकुरासाठी घडवलेली आहेत. पेनाने घाईत लिहिलेल्या मराठी आकड्यांवर ती अडखळतात, आणि चुकलेला आकडासुद्धा बरोबर आकड्याइतकाच नीटनेटका छापून देतात. दहा-वीस ओळींची यादी हाताने टाइप करायला फार वेळ लागत नाही, शिवाय तुम्हाला भाव माहीत असतात, यंत्राला नसतात. सुरुवात हातानेच करा.

हस्ताक्षरातल्या मराठी आकड्यांत ठरावीक जागी घोळ होतो. १ ची गाठ मोठी झाली की तो ९ वाटतो. ३ आणि ६ एकमेकांच्या उलट वळतात, त्यामुळे घाईत लिहिलेल्या ६ चा ३ होतो. आणखी मोठा धोका मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळण्याचा आहे. आपला ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो, आपला १ इंग्रजी 9 सारखा आणि आपला ५ इंग्रजी 4 च्या जवळ जातो. गाळ्यावर यादी रोज एकच माणूस लिहीत नाही. मालक मराठी आकडे काढत असेल, मुलगा इंग्रजी काढत असेल. म्हणून पहिले काम म्हणजे हा लिहिणारा कोणते आकडे वापरतो ते ओळखणे. पानावर ज्याबद्दल शंका नाही असे आकडे शोधा. तारीख आणि "१० कि." हे दोन तर हमखास मिळतात. त्यांच्याशी शंकेचा आकडा ताडून पाहा.

आकड्यांशेजारच्या खुणाही फसवतात. "८०/-" मधली तिरकी रेघ उभी झाली की ८०१ वाचले जाते. घाऊक भाव शून्यावर किंवा पाचावर संपतात, त्यामुळे शेवटी १ दिसला की तिथे रेघ असणार हे समजावे. जुन्या वळणाचे व्यापारी पाव, अर्धा आणि पाऊण यासाठी उभ्या दांड्या काढतात: २२। म्हणजे सव्वाबावीस, २२॥ म्हणजे साडेबावीस. किलोच्या भावाच्या यादीत ही खूण हटकून भेटते आणि नवखा माणूस २२॥ हे २२११ वाचतो. तक्त्यात ते 22.5 असे जाते.

दोडक्यासमोरची "वरीलप्रमाणे"ची खूण टाइप करू नका, ३००-४०० पूर्ण लिहा. तक्ता नावाप्रमाणे किंवा तारखेप्रमाणे लावला की वरची ओळ बदलते आणि ती खूण भलत्याच भाजीचा भाव सांगू लागते.

शेपूसमोरची आडवी रेघ म्हणजे माल आला नाही. तिथे शून्य घालू नका. भावाचे दोन्ही रकाने रिकामे ठेवा आणि शेऱ्यात "आवक नाही" लिहा. शून्य ही संख्या आहे, ती सरासरीत मिसळते आणि शेपू फुकट गेल्यासारखा दिसतो. आकडा वाचताच आला नाही तरी रकाना रिकामाच राहील, पण शेरा वेगळा: "वाचता आले नाही". पहिल्या शेऱ्यातून बाजाराची माहिती मिळते, दुसऱ्यातून आपल्या फोटोची.

जमल्यास दोघांनी बसा, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टाइप करायचे. वाचताना "साडेतीनशे", "पावणेदोनशे" असे न म्हणता "तीन-पाच-शून्य", "एक-सात-पाच" असा एकेक आकडा उच्चारा. सव्वाशे आणि सव्वादोनशे यांत कान चुकतो, सुट्या आकड्यांत चुकत नाही. यादी पूर्ण झाली की एकदा खालून वर तपासा. वरून खाली वाचताना डोळा ओळ गाळतो आणि त्याच लयीत दुसऱ्यांदाही तीच ओळ गाळतो.

तक्त्याची मांडणी

बहुतेक जण नावे खाली आणि तारखा आडव्या अशी मांडणी करतात. बघायला ती सोपी असते, पण भरायला वाईट. महिनाभरात तक्ता पडद्याबाहेर जातो, शेरा लिहायला जागा उरत नाही, किमान आणि कमाल असे दोन भाव एका चौकटीत कोंबावे लागतात. भरताना प्रत्येक भाजीची, प्रत्येक दिवसाची एक स्वतंत्र ओळ करा. आडव्या तारखांचा तक्ता नंतर त्यातूनच आपोआप निघतो.

गूगल शीट्समध्ये `नोंद` नावाचे पान करा आणि A पासून I पर्यंत हे रकाने ठेवा: तारीख, गाळा, लिहिलेले नाव, ठरलेले नाव, एकक, किमान, कमाल, शेरा, फोटो. आपल्या यादीतल्या काही ओळी अशा उतरतील:

```
2025-01-12,गाळा1,ढोबळी,ढोबळी मिरची,10 किलो,300,400,,2025-01-12-gala1.jpg
2025-01-12,गाळा1,दोडका,दोडका,10 किलो,300,400,,2025-01-12-gala1.jpg
2025-01-12,गाळा1,कोथिंबीर,कोथिंबीर,शेकडा,400,800,,2025-01-12-gala1.jpg
2025-01-12,गाळा1,शेपू,शेपू,शेकडा,,,आवक नाही,2025-01-12-gala1.jpg
```

इथे आकडे इंग्रजीत टाइप केले आहेत आणि ते मुद्दाम. देवनागरी आकडे टाइप केले तर शीट त्यांना संख्या न मानता अक्षरे मानण्याचा धोका असतो. संख्या चौकटीत उजवीकडे चिकटते, अक्षरे डावीकडे. भाव डावीकडे चिकटलेला दिसला की तो पुन्हा टाइप करा. "300-400" असे एका चौकटीत लिहिले तरी तेच होते.

तारखेचा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर 12/1 हे १ डिसेंबर होते. दुसऱ्या दिवशी 13/1 टाकले की तेरावा महिना नसल्याने ते अक्षरे म्हणून डावीकडे चिकटते आणि तेव्हा कुठे चूक लक्षात येते. `File` → `Settings` मध्ये `Locale` हे `India` करा आणि तरीही तारीख 2025-01-12 अशीच लिहा. या क्रमात दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही.

नावाचे दोन रकाने का? पानावर एके दिवशी "ढोबळी" असते, दुसऱ्या दिवशी "सिमला", तिसऱ्या दिवशी "ढो. मिरची". तुमच्या डोळ्यांना ती एकच भाजी आहे, शीटला तीन. मुंबईच्या गाळ्याची यादी जोडलीत तर दोडक्याच्या जागी शिराळी येईल, मटारच्या जागी वाटाणा. म्हणून पानावर आहे ते C मध्ये जसेच्या तसे लिहा. `नावे` नावाच्या दुसऱ्या पानावर डावीकडे लिहिलेले नाव आणि उजवीकडे ठरलेले नाव अशी जोडी एकदाच करा. मग D2 मध्ये हे सूत्र:

```
=IFERROR(VLOOKUP(C2,'नावे'!A:B,2,FALSE),"नवे नाव")
```

"नवे नाव" असे दिसले की `नावे` पानावर एक जोडी वाढवायची. दिसायला सारख्या पण वेगळ्या मालाला मात्र एकत्र करू नका. काटेरी वांगी आणि भरताची वांगी यांचे भाव वेगळे चालतात. घेवडा आणि श्रावण घेवडा यांचेही तसेच.

एकक

भाव ३०० हे कशाचे ३००, ते कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. `एकक` नावाचे तिसरे पान करा:

```
10 किलो,10,किलो
क्विंटल,100,किलो
किलो,1,किलो
शेकडा,100,जुडी
```

आता `नोंद` पानावर J म्हणजे एका किलोचा किंवा जुडीचा किमान भाव, K म्हणजे कमाल, L म्हणजे तुलनेचे एकक. दुसऱ्या ओळीत ही तीन सूत्रे घालून खाली ओढा:

```
=IF(COUNT($F2:$G2)<2,"",F2/VLOOKUP($E2,'एकक'!$A:$C,2,FALSE))
=IF(COUNT($F2:$G2)<2,"",G2/VLOOKUP($E2,'एकक'!$A:$C,2,FALSE))
=VLOOKUP($E2,'एकक'!$A:$C,3,FALSE)
```

`COUNT` फक्त संख्या मोजते. म्हणून भाव अक्षरे म्हणून गेला असेल तर J आणि K रिकामे राहतात, आणि शेऱ्यात काही नसताना रिकामी चौकट दिसली की टायपिंग तपासायचे हे कळते. अडत्याने एकच भाव लिहिला असेल तर तोच किमान आणि कमाल दोन्हीत लिहा.

जुडीचे किलोत रूपांतर करू नका. जुडीचे वजन ठरलेले नसते. मालाच्या आवकेप्रमाणे ती भरगच्च किंवा बारीक बांधली जाते. तुम्हाला गरज असेल तर तुमच्याकडे आलेल्या जुडीचे वजन शेऱ्यात लिहा, पण भाव जुडीचाच राहू द्या. टोमॅटोच्या क्रेटचेही तसेच. त्यात किती किलो भरले हे अडत्याने सांगितल्याशिवाय भागाकार करू नका.

पुढच्या रविवारची यादी आली

१९ जानेवारीची यादी दुसऱ्या कोणाच्या हातची आहे. भेंडी ३५०-७००, वांगी १००-२००, पावटा १८०-३००, "सिमला" ३००-४५०, कोथिंबीर पुन्हा ४००-८००. फ्लॉवरसमोर मात्र असा आकडा आहे की तो 80-150 ही वाटतो आणि ४०-१५० ही. पहिल्या वाचनात किमान भाव गेल्या रविवारइतकाच राहतो, दुसऱ्यात निम्म्यावर येतो.

असा पेच पानावरच सुटतो. याच पानावर पावट्याच्या १८० मध्ये ८ आहे आणि तो मराठी वळणाचा आहे. म्हणजे हा लिहिणारा इंग्रजी 8 काढत नाही. मग दोन गोलांसारखे दिसणारे ते अक्षर ४ च असणार. कोथिंबिरीच्या ४०० मधल्या ४ शी ताडून पाहिले की खात्री होते: फ्लॉवर ४०-१५०. तरीही शेऱ्यात "४० असे वाचले" हे लिहून ठेवा.

दोन साध्या तपासण्या प्रत्येक यादीनंतर करा. पहिली, किमान भाव कमाल भावापेक्षा मोठा नाही ना. वांग्याचे १५० हे ९५० वाचले गेले असते तर इथेच पकडले गेले असते. M2 मध्ये:

```
=IF(F2>G2,"तपासा","")
```

दुसरी तपासणी डोळ्यांनी करायची: गेल्या यादीच्या दीडपट वर किंवा निम्म्याखाली गेलेला प्रत्येक भाव फोटोवर पुन्हा वाचायचा. भाव खरोखर इतका हलू शकतो, म्हणून तो आपोआप दुरुस्त करायचा नाही, फक्त पुन्हा बघायचा. तरीही शंका राहिली तर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. तिथे फळभाज्यांचा दर क्विंटलचा असतो, म्हणजे तुमच्या १० किलोंच्या भावाच्या दहापट. एका गाळ्याचा भाव पूर्ण बाजाराच्या दराशी तंतोतंत जुळणार नाही. चुकलेला आकडा मात्र तिथे लगेच उघडा पडतो.

तुलनेचा तक्ता

`Insert` → `Pivot table` उघडा. `Rows` मध्ये ठरलेले नाव आणि तुलनेचे एकक, `Columns` मध्ये तारीख, `Values` मध्ये J घाला आणि `Summarize by` मध्ये `AVERAGE` निवडा. तिथे `SUM` राहिले आणि एकाच दिवसाच्या दोन गाळ्यांच्या याद्या असल्या तर भाव दुप्पट दिसतो. K साठी असाच दुसरा तक्ता करा. दोन रविवारच्या याद्यांतून मिळणारे चित्र, किलोमागे रुपयांत:

```
           12 जाने.        19 जाने.
           किमान कमाल     किमान कमाल
भेंडी        35   50        35   70
वांगी        15   30        10   20
पावटा       25   40        18   30
फ्लॉवर       8   15         4   15
```

किमान आणि कमाल यांचा मध्य काढून एकच भाव ठेवायचा मोह टाळा. भेंडीचा मध्य साडेबेचाळीसवरून साडेबावन्नवर जातो आणि भेंडी महागली असे वाटते. प्रत्यक्षात खालचा भाव जागचा हललेला नाही. चांगल्या प्रतीच्या एखाद्या लॉटने वरचा भाव ७० वर नेला असेल. खानावळीसाठी मध्यम माल उचलणाऱ्याचा खर्च कदाचित वाढलाच नसेल. फ्लॉवरचे उलट: वरचा माल तेवढ्यालाच, खालचा निम्म्यावर. हलका माल जास्त आला असेल, तर तो कसा आहे हे गाळ्यावर जाऊन पाहायला हवे.

वांगी आणि पावटा उतरलेले दिसतात त्याला तारखेचा संदर्भ आहे. १३ जानेवारीला भोगी होती. भोगीच्या भाजीसाठी वांगी, पावटा, गाजर, हरभरा यांना आदल्या दिवसांत मागणी चढते आणि सण झाला की ओसरते. १२ तारखेच्या ओळींच्या शेऱ्यात "भोगीचा आदला दिवस" असे लिहिले असेल, तर पुढच्या वर्षी हा तक्ता उघडणाऱ्याला तो चढलेला भाव नेहमीचा वाटणार नाही. श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, जोराचा पाऊस, वाहतूक बंद, बाजाराला सुट्टी असे सगळे याच रकान्यात जाते.

रविवारची तुलना रविवारशी केली तेही याच कारणाने. पुण्याच्या बाजारात रविवारी आवक मोठी असते आणि आठवडी सुट्टीच्या आधी-नंतरचे दिवस वेगळे चालतात. शुक्रवारचा भाव रविवारच्या भावाशेजारी ठेवला तर फरक भाजीचा की वाराचा, ते सांगता येत नाही. वार वेगळा काढायला एक रकाना वाढवा:

```
=TEXT(A2,"dddd")
```

तो पिव्हट तक्त्याच्या `Filters` मध्ये घालून फक्त `Sunday` निवडा. असे चार-पाच रविवार जमले की पावट्याचा हंगाम कसा उतरत जातो ते ओळीत दिसू लागते, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी अडत्याशी बोलताना "गेल्या रविवारी खालचा भाव अठरा होता, आज बावीस का?" असे नेमके विचारता येते.